साहेबांच्या साहेबांकडे पंधरा मिनिटं: कामाच्या बोज्याबाबत वेळ मागण्याचं एक प्रकरण

अकाउंट्स विभागात बिल पासिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या एका ज्युनिअर कर्मचाऱ्याचं हे प्रकरण आहे. प्रकरण नमुन्याचं आहे, त्यामुळे नावं नाहीत. ज्युनिअर, त्याच्या मॅनेजर मॅडम आणि मॅडमचे वरिष्ठ म्हणजे वित्तप्रमुख सर, एवढी तीन माणसं लक्षात ठेवली तरी पुरे.

ज्युनिअरला या टेबलावर सव्वा वर्ष झालं आहे. मूळ काम ठरलेलं: व्हेंडरचं बिल आलं की ते पर्चेस ऑर्डरशी आणि माल आल्याच्या नोंदीशी ताडून पाहायचं, दर आणि नग जुळले की पास करायचं, नाही जुळले तर परत पाठवायचं. शेजारच्या टेबलावरची सहकारी तीन महिन्यांपूर्वी सोडून गेली. ती जागा भरली नाही आणि तिच्याकडची व्हेंडरांची खातेजुळवणी याच्याकडे आली. त्याच सुमारास खरेदी विभागाने नवीन व्हेंडरच्या नोंदणीच्या फायली थेट याच्याकडे पाठवायला सुरुवात केली. कोणी ठरवलं, कधी ठरलं, याचा एकही मेल कुठे नाही. एक फाईल आली, त्याने केली, मग दुसरी आली. कामं अशीच चिकटतात.

आता तो रोज उशिरा निघतो, मुदतीनंतर पास होणाऱ्या बिलांची संख्या वाढते आहे, आणि त्याच्या मनात एक मेल तयार आहे. तो मेल असा:

«सर, गेल्या तीन महिन्यांपासून माझ्यावर खूप जास्त काम आहे. मॅडमना अनेकदा सांगूनही काही झालेलं नाही. हे असंच चाललं तर मला काम करणं अवघड होईल. कृपया मला भेटायला वेळ द्यावा.»

यात खोटं काही नाही. तरीही हा मेल गेला तर पुढे काय होईल ते जवळजवळ ठरलेलं आहे. सर तो वाचतील आणि मॅडमना फोन लावतील: «तुमच्याकडे काय चाललंय?» मॅडमना विषय कळण्याआधी तक्रार कळेल. नंतरची सगळी चर्चा बोज्यावर न होता «मला बायपास करून वर का गेलास» यावर होईल. आणि मेलमध्ये सरांनी नेमकं करायचं काय, हे कुठेच नसल्यामुळे ते एकच गोष्ट करू शकतात, ती म्हणजे प्रकरण परत मॅडमकडे पाठवणं.

वर जाण्याचं कारण आहे का?

मॅनेजरच्या वर जाण्याचं एकच कारण रिपोर्टिंगच्या रेषेला धक्का लावत नाही: जो निर्णय हवा आहे तो मॅनेजरच्या अधिकारात नाही, वरच्यांच्या अधिकारात आहे. «मॅडम ऐकत नाहीत» हे वेगळं कारण आहे आणि त्याचा रस्ताही वेगळा आहे. म्हणून वेळ मागण्याआधी बोजा सुटा करून प्रत्येक तुकड्यावर निर्णय कोणाचा, हे बघावं लागतं.

ज्युनिअरने दोन आठवडे नोंद ठेवली. एका साध्या तक्त्यात काम, नग आणि लागलेली मिनिटं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या पटीत, काम संपताच लिहिलेली. दिवसाअखेर आठवून लिहिली की त्रासदायक कामांचा वेळ फुगतो आणि सवयीच्या कामांचा आकसतो. मग वरिष्ठांनी एका आकड्यावर बोट ठेवलं की सगळा तक्ता संशयास्पद वाटू लागतो. दोन आठवडेही विचार करून निवडले होते: एक साधा, एक महिनाअखेरचा. कारण सरांचा पहिला प्रश्न हाच असणार होता की हा क्लोजिंगचा आठवडा तर नव्हता ना.

साध्या आठवड्याचा हिशोब असा निघाला. १२० बिलं, प्रत्येकी सरासरी ९ मिनिटं, म्हणजे १८ तास. नवीन व्हेंडर नोंदणीच्या १२ फायली, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे ८ तास. खातेजुळवणी १० व्हेंडरांची, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. व्हेंडरांचे फोन आणि मेल ५ तास, ऑडिटला कागद काढून देणं ४ तास, मीटिंगा अडीच तास. बेरीज ४५, आणि जेवणाची सुट्टी वगळून हाताशी असलेले तास ४०. महिनाअखेरच्या आठवड्यात क्लोजिंगचे ९ तास यावर चढतात.

पाच तासांची तूट ऐकायला लहान वाटते. ती लहान वाटते म्हणूनच लोक ती न मोजता «खूप जास्त काम» असं लिहितात, आणि आमच्या मते तिथेच चूक होते. पाच तास म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच दिसतं की हे सोडवता येईल. «खूप जास्त» म्हटलं की फक्त चिडचिड ऐकू येते.

आता प्रत्येक तुकड्याचा मालक. बिलं हे मूळ काम, त्यात वाद नाही. खातेजुळवणी दर आठवड्याला करायची की पंधरा दिवसांनी, हे मॅडम ठरवू शकतात. रिकामी जागा भरायची की नाही हे सरांच्या हातात आहे, पण तो बजेटचा प्रश्न असल्याने ज्युनिअरने पंधरा मिनिटांत मागावा असा नाही. राहिली व्हेंडर नोंदणी. ती खरेदी विभागाकडून येते. मॅडम खरेदी विभागाला नाही म्हणू शकत नाहीत, कारण तो विभाग त्यांच्या हाताखाली नाही आणि त्याचे प्रमुख सरांच्या बरोबरीचे आहेत. म्हणजे सरांकडे नेण्याजोगा निर्णय नेमका हा आणि एवढाच.

आधी मॅडम

मॅडमशी बोलणं हा नुसता उपचार नाही. पुष्कळदा प्रकरण इथेच संपतं. ज्युनिअरने घाईच्या वेळी टेबलाजवळ जाऊन न बोलता अर्धा तास मागून घेतला आणि तक्ता समोर ठेवला. नुसतं «मॅडम, मी सांगितलं होतं» म्हणता येईल असं बोलणं इथे उपयोगाचं नाही. विषय, आकडे आणि मागणी तिन्ही ऐकवलेली असली पाहिजेत.

मॅडम म्हणाल्या, «खातेजुळवणी आपण पंधरा दिवसांवर नेऊ, ते मी बघते. पण नोंदणीचं मला काही करता येणार नाही. ते वरून आलंय.»

हे वाक्य कान देऊन ऐकावं. «वरून आलंय», «माझ्या हातात नाही», «सरांनीच ठरवलंय» यांपैकी काही आलं की वर जाण्याचं कारण मॅनेजरनेच दिलेलं असतं. त्यावर ज्युनिअरने विचारलं, «मॅडम, मग हा एक मुद्दा सरांसमोर ठेवता येईल का? तुम्ही मांडलात तर उत्तमच. तुम्ही म्हणत असाल तर आपण दोघं जाऊ. किंवा तुमची हरकत नसेल तर मी तुम्हाला सीसीत ठेवून पंधरा मिनिटं मागतो, मेल आधी तुम्हाला दाखवतो.»

तीन पर्याय आणि त्यांचा हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यात मॅडमच बोलतात, दुसऱ्यात त्या सोबत असतात, तिसऱ्यात त्यांना माहीत असतं. एकट्याने जाण्याचा पर्याय सगळ्यात शेवटी आणि त्यांच्या परवानगीवर ठेवला की तो ऐकणाऱ्याला डावपेच वाटत नाही. इथे मॅडमनी तिसरा निवडला. अशा वेळी मॅनेजर बऱ्याचदा तिसराच निवडतात, कारण आकडे ज्युनिअरच्या हातचे असतात आणि खरेदी विभागाबद्दल सरांकडे स्वतः कुरकुर करणं त्यांनाही नको असतं.

त्याच संध्याकाळी ज्युनिअरने मॅडमना चार ओळींचा मेल पाठवला: आज काय बोललो, खातेजुळवणीचं काय ठरलं, नोंदणीबद्दल सरांकडे वेळ मागायला आपण होकार दिलात, मसुदा सोबत आहे. हा मेल पुढे पुरावा म्हणून दाखवायचा नाही. तोंडी होकार आठवड्याभरात पुसट होतो. दोघांच्याही आठवणीत एकच गोष्ट राहावी, एवढ्यासाठीच तो आहे.

मॅडमकडून मसुद्यावर उत्तर आलं नाही तर? तीन कामाचे दिवस थांबून एकदा आठवण करायची. «आपलं उत्तर न आल्यास मी उद्या पाठवत आहे» असं लिहायचा मोह होतो. ते ज्युनिअरने लिहू नये, ती मुदत देण्याची भाषा झाली. आणि स्पष्ट नकार आला तर कारण आणि पुढची तारीख विचारायची: «हे पुन्हा कधी बघूया, मॅडम?» नकारानंतर तोच मेल परस्पर पाठवला तर आधीच्या सगळ्यावर पाणी फिरवल्यासारखंच होतं.

मेल

मॅडमनी एक शब्द बदलून मसुदा परत दिला. गेलेला मेल असा:

«प्रति: वित्तप्रमुख
सीसी: मॅनेजर, बिल पासिंग
विषय: नवीन व्हेंडर नोंदणीच्या कामाबाबत १५ मिनिटांची वेळ मिळण्यासाठी विनंती

आदरणीय सर,

बिल पासिंगच्या टेबलावर सध्या आठवड्याला ४० तासांच्या जागी सुमारे ४५ तासांचं काम आहे. मॅडमशी याबाबत सविस्तर बोलणं झालं आहे आणि खातेजुळवणीचं वेळापत्रक त्यांनी बदलून दिलं आहे. नवीन व्हेंडर नोंदणीचं काम (आठवड्याला सुमारे ८ तास) दोन विभागांमधलं असल्याने त्याबद्दल आपलं मार्गदर्शन घ्यावं, असं मॅडमशी बोलून ठरलं आहे.

या कामाची प्राथमिक तपासणी कोणत्या विभागाने करावी, एवढ्या एकाच मुद्द्यासाठी आपली १५ मिनिटं हवी आहेत. पुढच्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार, आपल्या सोयीची कोणतीही वेळ चालेल. मॅडमनी सोबत असावं असं आपल्याला वाटल्यास तसं करू. एक पानाचा तक्ता जोडला आहे.

भेटीची गरज नाही असं आपल्याला वाटल्यास मॅडममार्फत कळवलं तरी चालेल.

आपला विश्वासू»

यातली काही वाक्यं जाणूनबुजून तशी आहेत. «त्यांनी बदलून दिलं आहे» यात मॅडमनी काय केलं ते आधी येतं, मग काय उरलं ते. सरांना कळतं की मॅनेजर हात बांधून बसलेल्या नाहीत, आणि सीसीत वाचणाऱ्या मॅडमनाही तेच कळतं. «मॅडमशी बोलून ठरलं आहे» हे वाक्य मेलचा कणा आहे. ते खरं नसेल तर हा मेल पाठवू नये. आणि «मॅडमच्या कानावर घातलं आहे» असं गुळमुळीत लिहिलं तर सर बरोबर ओळखतात की होकार नव्हता.

«एवढ्या एकाच मुद्द्यासाठी» यामुळे पंधरा मिनिटं खरी वाटतात. «कामाबद्दल थोडं बोलायचं होतं» असं लिहिणाऱ्याला वरिष्ठ पुढची तारीख देत राहतात, कारण «थोडं» कुठवर लांबेल याचा भरवसा नसतो. शेवटचं वाक्य काही जणांना कमीपणाचं वाटेल, पण ते ठेवावं. त्यामुळे सरांना भेटीशिवायही निर्णय देता येतो, आणि तोही मॅडममार्फत.

बीसीसी मात्र कुणालाही नाही. टेबलावरच्या मित्राला आपल्या बाजूने ठेवण्यासाठी टाकलेली बीसीसी त्याने चुकून सगळ्यांना उत्तर पाठवलं की उघडी पडते.

पाठवण्याआधीची एक कसोटी: हा मेल सरांनी एकही शब्द न घालता मॅडमना फॉरवर्ड केला, तर मॅडमना त्यात नवीन काही सापडेल का? सापडत असेल तर मसुदा परत मॅडमकडे.

तक्त्यात तीनच गोष्टी होत्या: वरचा तासांचा हिशोब, त्या पंधरवड्यात मुदतीनंतर पास झालेली ११ बिलं, आणि दोन पर्याय. थकवा, उशिरा निघणं यांचा उल्लेख नव्हता. ते खरं असलं तरी सरांना त्यावर निर्णय घेता येत नाही. उशिरा पास झालेल्या बिलावर घेता येतो, कारण उशीर म्हणजे लवकर पैसे दिल्याबद्दलची सूट जाणं, आणि घाईत ताडलेलं बिल म्हणजे एकाच मालाचे पैसे दोनदा जाण्याची शक्यता.

पंधरा मिनिटांत काय झालं

सरांनी मॅडमना न बोलावता भेट दिली. पहिला प्रश्न, «मॅडमना माहीत आहे ना?» उत्तर तयार हवं आणि एका वाक्याचं हवं: «हो सर, मसुदाही त्यांनी पाहिला आहे.» त्यानंतर दोन मिनिटांत हिशोब आणि मग लगेच पर्याय. पहिला: खरेदी विभागाने फाईल पाठवण्याआधी कागदांची प्राथमिक तपासणी स्वतः करावी, मग इथे ४० ऐवजी १५ मिनिटं लागतील. दुसरा: फायली रोज न येता आठवड्यातून एकदाच एकत्र याव्यात. पहिल्याचा आधारही नोंदीतच होता. ४० मिनिटांतली २५ अपुरे कागद परत मागण्यात जात होती: बँकेचा तपशील नाही, सही नाही, पत्ता दोन ठिकाणी वेगळा.

मग सरांनी वेगळाच प्रश्न टाकला: «बाकी टीममध्ये कसं चाललंय? मॅडमकडून काही अडचण?» हा प्रश्न बहुतेक वेळा सद्‌भावनेचा असतो, आणि तिथेच लोक घसरतात. एका मुद्द्याची वेळ मागून आत गेल्यावर पाच मुद्दे काढले, तर मेलमधलं «एवढ्या एकाच» खोटं ठरतं आणि मॅडमनी दिलेली परवानगीही फसवणुकीची ठरते. ज्युनिअर म्हणाला, «सर, बाकीचं मॅडमशी बोलून चाललंय. आज एवढाच मुद्दा होता.»

नंतरचा सापळा कमी ओळखीचा आहे. सर म्हणाले, «ठीक आहे, उद्यापासून अपुऱ्या फायली घेऊच नकोस.» हवं ते मिळालं! पण ज्युनिअरने दुसऱ्या दिवशी सकाळी फायली परत पाठवायला सुरुवात केली असती, तर खरेदी विभागाचा पहिला फोन मॅडमना गेला असता आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. वरून आलेला आदेशसुद्धा मॅनेजरच्या हातून खाली आला पाहिजे. त्याने विचारलं, «सर, मी हे लगेच मॅडमना सांगतो. खरेदी विभागाला त्यांच्याकडून कळवलं तर चालेल ना?» सर म्हणाले, «चालेल, प्रमुखांशी मी बोलतो, लेखी मॅडमकडून जाऊ दे.»

नंतर

जागेवर परतण्याआधी तो मॅडमकडे गेला आणि झालेलं जसंच्या तसं सांगितलं. मॅडमबद्दलचा प्रश्न आणि त्याचं उत्तरसुद्धा. ते लपवलं असतं आणि नंतर सरांकडून कळलं असतं, तर एवढ्या जपून केलेल्या गोष्टीला तडा गेला असता. मग मेल: प्रति मॅडम, सीसी सर. झालेली चर्चा, सरांचा निर्णय, खरेदी विभागाला मॅडमकडून कळवलं जाणार, सुरुवातीला तीन आठवडे चाचणी. आभाराचं एक वाक्य, त्यापुढे काही नाही.

जे मिळालं ते अर्धवटच होतं. खरेदी विभागाची प्राथमिक तपासणी लागू झाल्यावर नोंदणीचे ८ तास ३ वर आले. खातेजुळवणी पंधरा दिवसांवर गेल्याने आठवड्याला पावणेचार तास सुटले. ४५ चे सव्वाछत्तीस झाले, म्हणजे साध्या आठवड्यात श्वास घ्यायला जागा आहे. क्लोजिंगच्या आठवड्यात मात्र ९ तास चढून ते पुन्हा ४० च्या वर जातात, आणि रिकामी जागा अजून रिकामीच आहे. क्लोजिंगचा प्रश्न आता मॅडमचा आणि सरांचा आहे. ज्युनिअर नोंद चालू ठेवतो आणि दर शुक्रवारी मॅडमना देतो. तीन आठवड्यांनी सरांना आकडे गेले ते मॅडमच्या मेलमधून. त्याने सरांना पुन्हा स्वतः लिहिलेलं नाही.

या पद्धतीची हद्दही सांगितली पाहिजे. मॅनेजरच बिलांमध्ये गडबड करायला सांगत असेल, छळ होत असेल, किंवा कामामुळे कोणाच्या जिवाला धोका असेल, तर आधी त्यांची परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नाही. ती बाब एचआरकडे किंवा कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे, लेखी आणि तारखेनिशी जाते. आणि मॅनेजर बोज्याबाबत दोन-तीन महिने नुसतीच टाळाटाळ करत असतील, अधिकार असूनही काही करत नसतील, तर वरचा मेल त्या जागी चालवू नये. तिथे «मॅडमशी बोलून ठरलं आहे» हे वाक्य लिहिता येत नाही, आणि त्याच्याशिवाय हा मसुदा उभाच राहत नाही. अशा वेळी आधी एचआरला विचारावं की कंपनीत स्किप लेव्हल मीटिंगची, म्हणजे मॅनेजरच्या वरिष्ठांशी थेट भेटीची, ठरलेली पद्धत आहे का. असेल तर तिच्यातून जावं, कारण तिथे वर बोलणं हाच रिपोर्टिंगच्या रेषेचा भाग असतो आणि कोणाला बायपास केल्यासारखं होत नाही.